‘पानी कोनी आनलं?’ या वाक्यात नेमकं काय चुकलं?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, भांडुपच्या चाळीत, ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत किंवा दादरच्या कचेरीत कधीही कानावर पडेल असं हे वाक्य आहे. ते ऐकल्यावर अर्थ कळला नाही, असं कोणाचंच होत नाही. पाणी कोणी आणलं हे विचारलंय, एवढं सगळ्यांना समजतं. तरी ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू येतं, आणि एखादा तर उत्तर द्यायच्या आधी दुरुस्तीच करतो : “पानी नाही, पाणी. बाणाचा ण!”

मराठीच्या बोलींमध्ये फरक पुष्कळ आहेत. विदर्भात डोळ्याचा ‘डोया’ होतो, ठाणे-रायगडच्या आगरी बोलीत काळोखाचा ‘कालोख’ होतो, मालवणीत ‘कुठे’ऐवजी ‘खंय’ येतं. पण मुंबईत माणसाची किंमत ठरवायला जितका न-ण वापरला जातो, तितकं दुसरं काही वापरलं जात नसावं. ‘खंय’ ऐकून लोक खूश होतात, ‘पानी’ ऐकून त्यांच्या कपाळावर आठी येते. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून या एकाच अक्षराकडे नीट पाहू.

आधी तोंडात काय होतं ते. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं आणि हवा नाकातून जाते. ‘ण’ म्हणताना तेच टोक किंचित मागे वळून टाळूला चाटून जातं, नाकाचं काम तेच राहतं. ‘पाणी’ सावकाश म्हणून पाहा, जीभ मागून पुढे आपटल्यासारखी येते. इतकाच फरक. ज्यांच्या बोलण्यात हे दोन आवाज वेगळे नाहीत, ते दोन्ही ठिकाणी दातांजवळचा ‘न’ वापरतात. कोळी आणि आगरी बोलींत, विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागात, देशावरच्या असंख्य गावांत ही पद्धत आहे. म्हणजे ही कुठल्या कोपऱ्यातल्या चार माणसांची लकब नव्हे.

यावर पहिला शेरा ठरलेला असतो : “त्यांची जीभ जड असते, वळत नाही.” हा शेरा चुकीचा आहे, आणि तो कसा चुकीचा आहे हे कोणालाही स्वतः तपासता येतं. ‘पानी’ म्हणणाऱ्या माणसाला ‘घंटा’ म्हणायला सांगा. ‘अंडं’ म्हणायला सांगा. ‘ट’ आणि ‘ड’साठी जीभ मागे वळलेली असते, त्यामुळे त्यांच्या आधीचा नाकातला आवाजही आपोआप तिथेच निघतो, म्हणजे तो ‘ण’च असतो. हा माणूस ‘घण्टा’ बिनचूक म्हणतो, दिवसभर ‘गाडी’, ‘वाट’, ‘पोट’ म्हणतो. जीभ वळते, छान वळते. त्याच्या बोलीत न आणि ण हे शब्द वेगळे करणारे दोन स्वतंत्र आवाज नाहीत, एवढंच.

दुसरा शेरा मुंबईत जास्त ऐकू येतो : “हिंदीच्या संगतीनं बिघडलं.” हेही टिकत नाही. कोळी आणि आगरी ही या बेटांवरची आणि खाडीकाठची जुनी मंडळी. ग्रिअर्सननं केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली छापला गेला. त्यात कोकणपट्टीतल्या कोळी, आगरी, कुणबी अशा बोलींचे नमुने नोंदवलेले आहेत, आणि त्यांतही ‘ण’च्या जागी ‘न’ दिसतो. तेव्हा ना बोलपट होते, ना रेडिओ. शिवाय हिंदीचा धागा दुसऱ्या टोकानं ओढला तर गंमत होते. ‘पाणी’वर काटेकोर असलेला मराठी माणूस उडप्याच्या हॉटेलात बसला की वेटरला “पानी देना” म्हणतो. तोच आवाज, त्याच जागी, त्याच वस्तूसाठी. तेव्हा त्याला कोणी गावठी म्हणत नाही. याचा अर्थ आवाज कानाला खटकत नाही. तो कोणाच्या तोंडून आणि कोणत्या भाषेत आला, हे खटकतं.

संस्कृतपासून इथपर्यंत

तिसरा शेरा सगळ्यात वजनदार, कारण तो ‘शुद्ध’ या शब्दाच्या आधारानं येतो. मूळ शुद्ध शब्द ‘पाणी’, त्याचं बिघडलेलं रूप ‘पानी’, असं बहुतेकांच्या मनात असतं. तर मग त्या तीन शब्दांच्या वाक्याचं मूळच काढू.

‘पाणी’ आला संस्कृत ‘पानीय’वरून. पिण्याजोगं ते पानीय. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात तो ‘पाणिअ’ झाला आणि मराठीत ‘पाणी’. ‘कोण’ आला ‘कः पुनः’वरून, मधलं रूप ‘कवण’, जे जुन्या मराठीत सर्रास भेटतं. ‘पुनः’मध्येही ‘न’च आहे. ‘आणणे’ हे ‘आनयति’वरून, प्राकृतात ‘आणेइ’. पुन्हा ‘न’. तीन शब्द, तिन्हींच्या मुळाशी ‘न’. शुद्धतेची कसोटी संस्कृतच मानायची, तर दुरुस्ती करणाऱ्यालाच दुरुस्त करावं लागेल.

असं का झालं, याचा नियम अगदी सोपा आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’ जवळपास सगळीकडे ‘ण’ झाला, अगदी शब्दाच्या सुरुवातीलाही. ‘नगर’चं ‘णअर’, ‘नाम’चं ‘णाम’. मराठी घडताना यातली वाटणी पुन्हा बदलली. शब्दाच्या सुरुवातीला ‘न’ परत आला. दोन स्वरांच्या मधे एकटा ‘ण’ होता, तिथे तो राहिला, म्हणून पाणी, कोण, आणणे, आणि नवनीतावरून लोणी. आपलं ठाणेही यातलंच. शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याचं नाव ‘श्रीस्थानक’ असं येतं. ‘स्थान’मधल्या ‘न’चा ‘ण’ होऊन ‘ठाणे’ झालं.

पण जिथे प्राकृतात जोड ‘ण्ण’ किंवा ‘ण्ह’ होता, तिथे मराठीत ‘न’ झाला. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. जीर्ण, जुण्ण, जुना. अरण्यावरून रान, सुवर्णावरून सोनं, उष्णावरून ऊन, तृष्णेवरून तहान. या शब्दांत आपण ‘ण’चा ‘न’ केला आहे, आणि तो इतका अंगवळणी पडलाय की ‘कान’ म्हणताना कोणालाही अपराधी वाटत नाही. ‘सोनं’ म्हणणारा माणूस ‘सोणं’ कसं म्हणत नाही, असं कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट मात्र सांभाळून सांगायला हवी. ‘पानी’ म्हणणाऱ्या बोलींनी संस्कृतातला ‘न’ जपून ठेवला, असा दावा काही जण उत्साहानं करतात. तोही खरा नाही. या बोलींत ‘गुन’, ‘हरीन’ असंही म्हणतात, आणि संस्कृतात ‘गुण’, ‘हरिण’ आहेत. म्हणजे मूळ काय होतं याच्याशी संबंध न ठेवता दोन आवाज एकात मिसळले आहेत. हा बदल आहे, जपणूक नाही. पण ‘कान’ आणि ‘रान’ हेही बदलच आहेत. दोन बोली दोन वाटांनी गेल्या. त्यातल्या एका वाटेला पुस्तकांत जागा मिळाली.

ती जागा कोणी दिली? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तकं लिहिली गेली, १८३१ साली मोल्सवर्थचा मोठा कोश मुंबईत छापला गेला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. कोश-पुस्तकांच्या या कामात साहेबांच्या हाताखाली शास्त्री-पंडित होते, बहुतेक ब्राह्मण, आणि पुण्याकडच्या शिष्ट लोकांची भाषा हा त्यांचा मापदंड होता. त्या घरांत ‘ण’ शाबूत होता, म्हणून पुस्तकातही तो शाबूत राहिला. पुढे शाळेत ज्याला बाक मिळाला त्याच्या तोंडी ‘ण’ आला. म्हणून आजही एकाच गावात काही घरांत ‘पाणी’ आणि काही घरांत ‘पानी’ ऐकू येतं. या फरकाला आपण सभ्यपणे ‘प्रादेशिक’ म्हणतो, पण जात आणि शाळेत घालवलेल्या पिढ्या यांचा हिशेब त्यात मोठा आहे. मुंबईत विदर्भातला ब्राह्मण आणि पुण्याजवळच्या खेड्यातला शेतमजूर एका टेबलाशी बसले, तर ‘ण’ कोणाकडे असण्याचा संभव जास्त, हे नकाशावरून सांगता यायचं नाही.

जो बदल कोणाला ऐकूच येत नाही

आता या सगळ्याचा कस लावायला एक दुसरं अक्षर घेऊ. ‘ष’. पोटफोड्या ष.

‘ष’ आणि ‘ण’ एकाच जागेवरचे. दोघांनाही जीभ मागे वळवावी लागते, म्हणून वर्णमालेत दोघेही मूर्धन्य. आता ‘भाषा’ म्हणा. ‘विशेष’ म्हणा. ‘दोष’, ‘वर्ष’, ‘पुरुष’ म्हणा. मुंबई-पुण्यातला जवळपास प्रत्येक शिकलेला माणूस ‘भाशा’, ‘विशेश’, ‘दोश’ असंच म्हणतो. ‘विशेष’मधल्या दोन वेगळ्या अक्षरांत त्याच्या कानाला फरक कळत नाही. फक्त ‘कष्ट’, ‘गोष्ट’ अशा शब्दांत जीभ मागे वळते, कारण पुढचा ‘ट’ तिला तिथे ओढून नेतो.

हे ‘घंटा’सारखंच झालं. मागे वळलेल्या जिभेचा एक आवाज साध्या आवाजात मिसळला, आणि ‘ट’च्या शेजारीच तेवढा शिल्लक राहिला. ष-श आणि न-ण या दोन्ही गोष्टी तोंडाच्या दृष्टीनं एकाच जातीच्या. फरक इतकाच की पहिला बदल प्राध्यापक, संपादक आणि वृत्तनिवेदक यांच्याही तोंडात झाला, म्हणून तो बदल आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसरा त्यांच्या तोंडात झाला नाही, म्हणून तो ‘अशुद्ध’. “भाशा शुद्ध बोला” असं सांगणाऱ्याला आपण काय बोललो ते ऐकू आलेलं नसतं.

लिहिण्यातही हेच घडलंय. पूर्वी ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ असे अनुस्वार द्यायचे. शिष्टांच्या तोंडून ते कधीच गेले होते. १९६२ साली शासनानं मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांत हे उच्चारात नसलेले अनुस्वार लिहायचं बंद झालं. तोंडात नाही ते कागदावर कशाला, हा विचार मला तरी रास्त वाटतो. तो कोणाच्या तोंडाला लागू पडतो आणि कोणाच्या नाही, एवढंच मी पाहतो आहे.

“पण अर्थाचा घोटाळा होतो ना!” हा आक्षेप प्रामाणिक आहे. तान आणि ताण, मन आणि मण, खान आणि खाण, वन आणि वण अशा जोड्या मराठीत आहेत. पण त्या मोजक्या आहेत, आणि आजूबाजूचे शब्द काम करतातच. “कामाचा तान आलाय” असं म्हणणारी व्यक्ती गाण्याविषयी बोलत नसते, हे कोणालाही कळतं. मराठीला असा भार सहज पेलतो. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारचा कर, आणि ‘कर’ म्हणजे ‘हे काम कर’. यावरून मुंबईत कोणाचा पत्ता चुकला नाही.

कान नेमकं काय ऐकतो

ऐकणाऱ्याच्या मनात तीन गोष्टी इतक्या झटक्यात होतात की त्या एकच वाटतात. आधी वेगळेपण टिपलं जातं. मग बोलणारा कुठला, कोणत्या थरातला, याचा अंदाज बांधला जातो. आणि त्या अंदाजाला चिकटलेलं मत आवाजावर चढवलं जातं. ‘पानी’ ऐकलं, गावाकडचा वाटला, म्हणजे फारसा शिकलेला नसणार. शेवटची उडी आवाजात नसते, आपण ती मारतो.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, मोजून पाहिलेलं आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांकडून त्यांनी एकच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत. प्रत्येक आवाजाबद्दल त्यांना विचारलं : हा किती हुशार, किती भरवशाचा, किती उंच? इंग्रजी बोलताना तोच माणूस जास्त हुशार, जास्त भरवशाचा, चक्क जास्त उंचही ठरला. आणि हे फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही ठरवलं, इंग्रजी श्रोत्यांपेक्षाही जोरानं. आपल्याच बोलीला खालची मानायला माणूस कसा शिकतो, याचा हा साठ वर्षांहून जुना पुरावा. आपल्याकडे मुलाच्या ‘कोनी’वर शेजाऱ्याआधी आईच टपली मारते, ते यातलंच.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, डोनाल्ड रुबिन यांचा, १९९२ सालचा. विद्यार्थ्यांना व्याख्यानाची एकच ध्वनिफीत ऐकवली, बोलणारी अमेरिकेतच वाढलेली. एका गटाला सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. दुसऱ्या गटाला तिच्या बोलण्यात परदेशी हेल ऐकू आला. जो नव्हताच. वर त्यांना व्याख्यानही कमी समजलं. तेव्हा “मला तिचं बोलणं कळलंच नाही” असं कोणी म्हणालं, तर दर वेळी दोष बोलणाऱ्याकडे असतो असं नाही. काही वेळा कान आधीच बंद झालेला असतो.

कौतुकही याच यंत्रातून येतं, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा एक जोडी दिसते. प्रमाण भाषेला हुशारी आणि अधिकाराचे गुण मिळतात, बोलीला जिव्हाळा आणि प्रामाणिकपणाचे. “किती गोड बोलतेस गं, अगदी गावाकडचं!” हे वाक्य मनापासूनच येतं. पण ती गोड वाटणारी मुलगी साहेबांसमोर सादरीकरण करायला पाठवायची वेळ आली, की तोच गोडवा आड येतो. मालवणी आणि वऱ्हाडी यांना नाटक-मालिकांत विनोदासाठी बोलावतात, निकालपत्र वाचायला नाही.

आपल्याच ओळखीत करून पाहण्याजोगी चाचणी

लॅम्बर्टची युक्ती मराठीत करणं अवघड नाही. शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या कोणालाही ती करता येईल, मात्र नीट करावी लागते.

दोन्ही पद्धतींनी सहज बोलणारी एक व्यक्ती हवी. मुंबईत अशी माणसं भरपूर आहेत, घरी ‘पानी’ आणि कचेरीत ‘पाणी’ म्हणणारी. मजकूर रोजचा, कोणाचीही बाजू न घेणारा असावा. उदाहरणार्थ : “उद्या टाकी धुणार आहेत. त्यामुळे सकाळी सात ते दहा पाणी येणार नाही. कोणाला अडचण असेल तर आताच भरून ठेवा. दहानंतर पाणी आलं की आधी थोडं सोडून द्या, मगच पिण्यासाठी भरा.” यात ‘ण’ सात वेळा येतो. दुसऱ्या वाचनात फक्त तेवढे सात बदलायचे : धुनार, पानी, येनार, कोनाला, अडचन, पानी, पिन्यासाठी. बाकी एकही शब्द, एकही प्रत्यय बदलायचा नाही. ‘आलं’चं ‘आलंया’ केलं की चाचणी गेली, मग कशामुळे मत बदललं ते कळणारच नाही.

दोन्ही वाचनं श्रोत्यांना लागोपाठ ऐकवायची नाहीत. मधे दुसऱ्या तीन-चार जणांचे आवाज घालायचे, म्हणजे आवाज ओळखला जाणार नाही. श्रोत्यांचे दोन गट करून एकाला आधी ‘ण’, दुसऱ्याला आधी ‘न’ द्यायचं. आणि कागदावर पाच-सहा प्रश्न : ही व्यक्ती किती शिकलेली वाटते, सूचनेवर किती विश्वास बसतो, सोसायटीच्या सचिवपदी चालेल का, शेजारी म्हणून आवडेल का. शिवाय दोन प्रश्न मुद्दाम : बोलण्याचा वेग कसा होता, आवाज स्पष्ट होता का?

हे शेवटचे दोन प्रश्न राखणदार आहेत. सगळ्यात मोठी गडबड वाचणाऱ्याकडून होते. ‘न’ची आवृत्ती वाचताना माणूस नकळत नक्कल करतो, हेल लांबवतो, आवाज चढवतो, ओठात हसतो. नाटकातला गावकरी तोंडात शिरतो. आवाजाची पट्टी आणि वाचनाला लागलेले सेकंद दोन्ही वेळा जुळतात का, ते आधी तपासायचं. जुळत नसतील तर पुन्हा वाचून घ्यायचं. जुळत असूनही श्रोत्यांनी ‘न’च्या वाचनाला ‘अस्पष्ट’ लिहिलं, तर आपल्याला रुबिनचीच गोष्ट सापडली.

या चाचणीला मर्यादाही आहे. कागदावरचे गुण म्हणजे प्रत्यक्षातलं वागणं नव्हे. ‘पानी’ म्हणणाऱ्याला कमी गुण देणारा माणूस मुलाखतीतही त्याला डावलेलच, असं यातून सिद्ध होत नाही. आणि लोक हुशार असतात, कशाची परीक्षा चाललीय याचा वास लागला की सगळे एकदम उदार होतात.

वर्गात याचं काय करायचं

मुंबईच्या शाळांत हा प्रश्न बोलण्यापेक्षा वहीत जास्त छळतो. ‘पानी’ म्हणणारं मूल ‘पानी’ लिहितं आणि लाल शाई खातं. शिक्षक म्हणतात, नीट ऐकून लिही. पण ऐकून उपयोग नाही, कारण त्याच्या कानात ते दोन आवाज एकच आहेत. ‘विशेष’मधला शेवटचा ‘ष’ आपण तरी कुठे ऐकून लिहिला? डोळ्यानं पाठ केला. ‘ण’ही त्या मुलाला डोळ्यानंच शिकायचा आहे, आणि त्याची वाट वाटते त्यापेक्षा छोटी आहे.

कारण मराठीत बराचसा ‘ण’ ठरावीक जागी बसतो. क्रियापदाचं ‘-णे’ किंवा ‘-णं’ : करणे, जाणं, पिण्यासाठी. भविष्याचं ‘-णार’ आणि त्यातूनच ‘-णारा’ : येणार, बोलणारी. ‘-पणा’ : मोठेपणा, शहाणपणा. स्त्रीलिंगी ‘-ईण’ : वाघीण, मालकीण. त्यावर रोजचे चार शब्द : आणि, पण, कोण, आपण. वर दिलेल्या पाण्याच्या सूचनेतल्या सातपैकी चार ‘ण’ या एवढ्या यादीतच सुटतात : धुणार, येणार, पिण्यासाठी, कोणाला. ‘पाणी’ आणि ‘अडचण’ तेवढे स्वतंत्र लक्षात ठेवायचे. शब्दाच्या सुरुवातीला मराठीत ‘ण’ येत नाही, ही तर फुकटची सूट. दोन आठवडे ही जागांची यादी समोर ठेवून लिहून घेतलं की वही सुधारते, आणि त्यासाठी मुलाला घरची बोली सोडावी लागत नाही.

बोलताना मधेच तोडून दुरुस्ती केली, तर मात्र वेगळंच पीक येतं. मुलाला एवढंच कळतं की ‘न’ धोक्याचा आहे. मग ते जिथे नको तिथेही ‘ण’ घालू लागतं : “मणापासून सांगतो”, “अणुभव आला”. हे ऐकलं की शिक्षकानं समजावं, मूल ‘ण’ शिकलेलं नाही, भ्यायला शिकलंय. अशा वेळी तोंडी दुरुस्ती पूर्ण थांबवावी, काही आठवडे फक्त वहीवर काम करावं, आणि ‘मन’, ‘अनुभव’ हे शब्द ‘ण’च्या यादीशेजारी वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावेत. ज्याला पुढे निवेदन किंवा नाटक करायचंय त्यानं उच्चार जरूर कमवावा, मोठेपणीही तो येतो. सुरुवात ‘घंटा’पासून करावी. आधी ‘घण्टा’, मग ‘ट’ न उच्चारता ‘घण्’वरच थांबायचं, मग त्याला ‘आ’ जोडून ‘घणा’, आणि तिथून ‘पाणी’. जीभ ज्या जागी आधीच जाते, तिथून तिला पुढच्या शब्दात न्यायची.